तळपाय, नखे आणि उशिरा सापडणारा कर्करोग

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की त्वचेच्या कर्करोगाच्या सूचना सर्वत्र दिसू लागतात. मिशिगनमधील आमच्या ट्रॉय शहरातही औषधांच्या दुकानात सनस्क्रीनच्या बाटल्यांची रांग लागते, दवाखान्यातील भिंतीवर तिळांची छायाचित्रे झळकतात. त्या छायाचित्रांतील पाठ, खांदा, गाल बहुधा गोऱ्या माणसाचे असतात. ते पाहून आपल्या घरांत एक निष्कर्ष सहज काढला जातो की हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्या सावळ्या कातडीला त्याचे भय नाही. या निष्कर्षातील अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा भाग खोटा आहे, आणि तो महागात पडतो.

खरा भाग असा. आपल्या त्वचेतील मेलानिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवते. त्यामुळे उन्हाने होणारा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, गडद वर्णाच्या लोकांत पुष्कळच कमी आढळतो. परंतु मेलानोमाचा एक प्रकार उन्हावर अवलंबून नाही. तो तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली होतो. हातापायांच्या टोकांशी होणारा म्हणून त्याला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. १९७६ साली रिचर्ड रीड या अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञाने त्याचे वेगळे वर्णन केले. तळव्याची कातडी जाड असते, तिथे ऊन फारसे पोहोचत नाही आणि मेलानिनचे संरक्षणही तिथे कमीच असते. आपले तळहात आणि तळपाय बाकीच्या अंगापेक्षा फिकट का दिसतात, याचे उत्तर यातच आहे.

येथे एक हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण याच ठिकाणी अनेकांची गल्लत होते. अमेरिकेतील कर्करोग नोंदवह्यांवरून १९८६ ते २००५ या काळाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात ॲक्रल मेलानोमाचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १.८ इतके आढळले, आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांत ते जवळपास सारखेच होते. म्हणजे हा रोग आपल्याला अधिक होतो असे नाही. मात्र गोऱ्यांमध्ये उन्हाने होणारे मेलानोमा इतके असतात की त्यांच्या एकूण मेलानोमांत ॲक्रलचा वाटा जेमतेम एक टक्का भरतो. कृष्णवर्णीयांत तो छत्तीस टक्के, तर आशियाई व प्रशांत महासागरी बेटांच्या वंशाच्या लोकांत अठरा टक्के होता. आपल्याला मेलानोमा क्वचितच होतो, पण झालाच तर तो तळव्यावर किंवा नखाखाली असण्याची शक्यता मोठी असते. हे ध्यानात घेतले म्हणजे उशीर का होतो, हेही उलगडते. शोध उन्हाच्या जागी चालतो आणि रोग सावलीच्या जागी असतो.

सावळ्या त्वचेचा कर्करोग वेगळ्या जागी शोधावा लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील रोगनिदानतज्ज्ञ डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई या सहकाऱ्यासह लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात कमरेवर, धोतराची गाठ वर्षानुवर्षे घासली जाते त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे घट्ट नेसलेल्या साडीखालीही तसाच कर्करोग आढळल्याच्या नोंदी झाल्या. तो मेलानोमा नव्हे, त्वचेच्या दुसऱ्या पेशींचा कर्करोग आहे. पण त्यातून कळणारी गोष्ट येथेही लागू पडते. ऊन हे त्वचेच्या कर्करोगाचे एक कारण आहे, एकमेव नाही. ॲक्रल मेलानोमाचे नेमके कारण अजून पूर्णपणे उकललेले नाही. त्याच्या पेशींत उन्हाच्या खुणा मात्र अल्प असतात, आणि तळपायाच्या ज्या भागांवर शरीराचा भार पडतो तिथे तो अधिक आढळतो असे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. सनस्क्रीनचे इतर उपयोग आहेतच, पण या रोगापासून बचाव करण्यासाठी त्यावर विसंबता येत नाही. वेळेवर दृष्टीस पडणे हाच येथे मुख्य उपाय.

या रोगाचा सर्वांत परिचित रुग्ण म्हणजे जमैकाचा गायक बॉब मार्ली. १९७७ साली त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली जखम दिसली. तो फुटबॉल खेळत असे, त्यामुळे ती खेळातली इजा आहे असाच समज होता. तपासणीत ॲक्रल मेलानोमा निघाला. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने स्वीकारला नाही. नख व त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी तिथे बसवण्यात आली. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला, तेव्हा रोग मेंदूपर्यंत पोहोचलेला होता. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याला पैशाची चणचण नव्हती, डॉक्टरांची उणीव नव्हती. पायाच्या नखाखालच्या डागाला इजा मानणे जगात सर्वत्र इतके स्वाभाविक वाटते की त्या समजुतीतच काळ निघून जातो.

मग इजा कोणती आणि रोग कोणता, हे घरच्या घरी कितपत ओळखता येते? नखाच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे, ती म्हणजे नखाची वाढ. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही हळू. अंगठ्याचे संपूर्ण नख नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. दार लागून किंवा बूट घासून नखाखाली रक्त साकळले असेल, तर तो काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्यामागे, मुळाकडे, स्वच्छ नख उगवू लागते. त्यासाठी डागाचे छायाचित्र घ्यावे, शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी, आणि सहा ते आठ आठवड्यांनी तसेच दुसरे छायाचित्र घेऊन दोन्ही ताडून पाहावीत. डाग सरकला नाही, मुळाशी जखडून राहिला किंवा रुंद झाला, तर तो रक्ताचा असल्याचे गृहीत धरू नये. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गाठीतूनही रक्त येऊ शकते, म्हणून रक्त दिसले एवढ्यावरून मनाची समजूत घालणे बरोबर नाही.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या नखांवर मुळापासून टोकापर्यंत जाणारे तपकिरी उभे पट्टे पुष्कळदा असतात. वयानुसार ते वाढतात, अनेक नखांवर एकाच वेळी दिसतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. यामुळेच दोन उलट चुका होतात. कोणी प्रत्येक पट्ट्याने घाबरते, तर कोणी आपल्याकडे असे असतेच म्हणून सगळेच सोडून देते. भेद काही ठरावीक लक्षणांनी करावा. पट्टा एकाच नखावर आहे, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर. तो प्रौढ वयात नव्याने उमटला आहे. त्याची रुंदी तीन मिलिमीटर किंवा अधिक आहे. मुळाकडे तो रुंद आणि टोकाकडे निमुळता आहे, याचा अर्थ तो अलीकडे रुंदावत चालला आहे. रंग एकसारखा नाही, कडा पुसट आहेत. आणि रंग नखापुरता न राहता भोवतालच्या कातडीवर उतरला आहे. शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर समजले जाते, आणि जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या नावाने ते ओळखले जाते. हचिन्सन यांनी १८८६ सालीच या रोगाचे वर्णन नखुरड्यासारखा दिसणारा मेलानोमा असे केले होते. हा रोग पुष्कळदा काळा नसतोच, असेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते.

तळपायाची गोष्ट थोडी निराळी आहे. तळव्याची कातडी जवळून पाहिली तर बोटांच्या ठशांप्रमाणे तिथेही समांतर रेषा असतात, म्हणजे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खोबणी. उंचवट्यांवर घामाची सूक्ष्म छिद्रे एका ओळीत असतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे डर्मोस्कोप नावाचे प्रकाश देणारे छोटे भिंग असते. त्यातून पाहिल्यावर साध्या तिळाचा रंग बहुधा खोबणींत दिसतो आणि मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर. जपानचे तोशिआकी सैदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भेद मांडला. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात तळव्यावरच्या शंभर मेलानोमांपैकी सुमारे शहाऐंशींत उंचवट्यांवरचा रंग आढळला, तर साध्या तिळांत तो जवळपास नव्हताच. साध्या तिळाचा ठरावीक नमुना दिसत नसेल आणि डाग सात मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर तुकडा काढून तपासावा, असा नियमही त्यातून पुढे आला. मात्र गडद वर्णाच्या तळव्यांवर नैसर्गिकपणे असलेले तपकिरी ठिपके, तसेच बुटाने दबून साकळलेले रक्त, हेही कधी कधी उंचवट्यांवरच दिसतात. म्हणून भिंगातून पाहणारा माणूस गडद त्वचा पाहण्यास सरावलेला असणे आवश्यक आहे. घरी इतकेच पाहता येते की डाग नवा आहे का, वाढतो आहे का, त्यात एकाहून अधिक रंग आहेत का, आणि त्याची कड वेडीवाकडी आहे का.

हचिन्सन यांनी बजावलेली गोष्ट आपल्या घरांत विशेष महत्त्वाची आहे. तळपायावरचा मेलानोमा काही वेळा गुलाबी, लालसर किंवा कातडीच्याच रंगाचा असतो. तो चामखिळीसारखा दिसतो, कुरुपासारखा दिसतो, किंवा न भरणाऱ्या जखमेसारखा. आपल्या पिढ्यांनी शेतात, गिरण्यांत, बांधकामावर अनवाणी किंवा साध्या चपलेवर आयुष्य काढले. आईवडिलांच्या पायांना भेगा, घट्टे, कुरूप असणारच, असे आपण मानून चालतो. मधुमेह असेल तर पायाच्या जखमेला साखरेची जखम हे नाव मिळते आणि मलमपट्टी सुरू राहते. कुरुपाला ब्लेड लावले जाते, चामखिळीला आम्ल. हे उपचार बहुसंख्य वेळा योग्यच असतात. पण त्यांना मुदत असावी. नीट उपचार करूनही जखम किंवा गाठ सहा आठवड्यांत आटोक्यात येत नसेल, सहज रक्त येत असेल किंवा ती वाढत असेल, तर आता याचा तुकडा तपासायचा का, असा प्रश्न आपणच विचारावा.

हा प्रवास कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, चौसष्ट वर्षांच्या एक आई अमरावतीहून मुलीकडे ट्रॉयला सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. टाचेच्या कडेला नऊ मिलिमीटरचा तपकिरी डाग आहे. मुलगी विचारते, "आई, हा कधीपासून?" त्या म्हणतात, "असेल दोन वर्षांपासून. खडा रुतला होता गं, त्याचा आहे." दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. मुलगी छायाचित्र काढते आणि कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेते. येथे शब्द महत्त्वाचे ठरतात. आईच्या पायावर डाग आहे, असे म्हटले तर तपासणीची वेळ तीन महिन्यांनंतरची मिळू शकते. टाचेवर नऊ मिलिमीटरचा, दोन वर्षांत वाढलेला रंगीत डाग आहे आणि आम्हाला ॲक्रल मेलानोमाची शंका आहे, असे म्हटले व छायाचित्र पाठवले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे तातडीची चिठ्ठी मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

तज्ज्ञ डर्मोस्कोपमधून उंचवट्यांवरचा रंग पाहतात आणि भूल देऊन बायोप्सी घेतात. आपल्याकडे एक जुनी भीती आहे की तुकडा काढला, सुई लावली की कर्करोग पसरतो. मेलानोमाच्या बायोप्सीने रोग पसरतो असा पुरावा नाही. बायोप्सी न केल्याने मात्र तो वाढत राहतो. तुकडा पुरेसा खोल असणे गरजेचे असते, कारण वरवर खरवडलेल्या तुकड्यावरून रोगाची खोली मोजता येत नाही. नखाच्या बाबतीत तर नखाचा कापलेला तुकडा पुरत नाही. पट्टा जिथून उगवतो त्या मुळाचा तुकडा लागतो.

अहवालात एक आकडा शोधावा. रोग कातडीत किती खोल उतरला आहे ते मिलिमीटरमध्ये दिलेले असते, आणि त्याला ब्रेस्लो खोली म्हणतात. आपल्या उदाहरणातील आईंची खोली ०.६ मिलिमीटर निघाली आणि डागावर व्रण नसेल, तर सामान्यतः भोवतालची सुमारे एक सेंटीमीटर निरोगी कातडी धरून डाग काढला जातो आणि जांघेतील ग्रंथी तपासण्याची बहुधा गरज पडत नाही. तोच डाग उशिरा, अडीच मिलिमीटर खोलीवर सापडला असता, तर भोवतालची दोन सेंटीमीटर कातडी काढावी लागली असती. टाचेवर तेवढी कातडी सहज जुळत नाही, त्यामुळे दुसरीकडची कातडी आणून बसवावी लागली असती, आणि रोग ग्रंथींत गेला आहे का ते पाहण्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया सुचवली गेली असती. मेलानोमावर आज प्रतिकारशक्तीला चालना देणारी नवी औषधे आहेत, पण उन्हाने होणाऱ्या मेलानोमाला ती जितकी लागू पडतात तितकी ॲक्रलला पडत नाहीत. दोन्ही कहाण्यांत रोग एकच आहे. फरक फक्त सापडण्याच्या वेळेचा आहे.

उशिराचे सारे ओझे रुग्णावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील त्वचारोगांची चित्रे दीर्घकाळ प्रामुख्याने गोऱ्या त्वचेची होती. लंडनमधील मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० साली काळ्या व सावळ्या त्वचेवर रोगलक्षणे कशी दिसतात याची पुस्तिका आपल्या शिक्षकांसह तयार केली, ती याच उणिवेतून. ज्याची चित्रे पुस्तकात नाहीत, त्याचा रोग डोळ्यांना ओळखू येत नाही. वर्ण पाहून कोणाला काय होऊ शकते हे आधीच ठरवून टाकण्याची किंमत आपला समाज चांगली जाणतो. येथे तीच किंमत दवाखान्यात मोजावी लागते. शिवाय लक्षणे नसलेल्या सर्व प्रौढांची त्वचा डॉक्टरांनी नजरेने तपासावी का, यावर अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२३ साली पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे वार्षिक तपासणीत कोणी मोजे काढायला सांगेलच असे नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात तर पाय महिनोन्महिने मोज्यांत आणि बुटांतच असतात, आणि एरवी नखांवर रंग लावलेला असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही येथे नोंदवतो. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर, नखांचा रंग पुसून, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखे पाहावीत. वाकता येत नसेल त्यांच्यासाठी आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातल्याने पाहावे. वार्षिक तपासणीला मोजे आपणच काढावेत आणि पाय पाहा असे सांगावे. आईवडील भारतातून येणार असतील, तर निघण्यापूर्वीच व्हिडिओवर त्यांचे पाय पाहून घ्यावेत. प्रवासी विम्यांत आधीपासूनच्या आजाराला अनेकदा संरक्षण नसते, आणि शंकास्पद डाग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये दाखवूनच निघणे कित्येक कुटुंबांना सोयीचे असते. येथे दाखवायचे असेल तर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गडद वर्णाच्या त्वचेवर दीर्घकाळ काम झाले आहे, आणि ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात मेलानोमाचे तज्ज्ञ आहेत. ट्रॉयहून दोन्ही ठिकाणी मोटारीने जाऊन एका दिवसात परतता येते.

पाहिलेल्या दहा डागांपैकी दहाही साधे निघण्याची शक्यताच अधिक आहे. नवा, एकटा, वाढणारा किंवा न भरणारा असा एखादा दिसला, तर मात्र त्याचे छायाचित्र घ्यावे, तारीख लिहावी आणि तळव्यावरचा हा डाग डर्मोस्कोपने पाहा, असे त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे.